हॉर्सपॉवरचा रकाना आला कुठून?

कारखान्याच्या ओव्हरहेड्सचं प्राथमिक वाटप करताना भाडं जागेवर, वीज हॉर्सपॉवरवर आणि कँटीन कामगारसंख्येवर वाटायचं, हे आपल्याकडे कॉमर्सच्या पोरांना पाठ असतं. यातल्या हॉर्सपॉवरच्या आधाराला मात्र एक इतिहास आहे. तो माहीत नसला की हाच आधार चुकीच्या जागी वापरला जातो.

नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्या काळातल्या कापड गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाची ताकद लांबलचक शाफ्टमधून खात्याखात्यात पोहोचायची आणि तिथून पट्ट्यांनी यंत्रं फिरायची. कोणत्या खात्यानं किती कोळसा खाल्ला, हे मोजायला साधनच नव्हतं. खर्च वाटायचाच तर यंत्रांना लागणारी ताकद हाच आधार हाताशी होता. तो बऱ्यापैकी चालायचाही, कारण भोंगा झाला की शाफ्ट फिरू लागायचा आणि सुट्टी होईपर्यंत फिरतच राहायचा. सगळ्या खात्यांचे तास जवळपास सारखे असल्यावर ते वेगळे मोजायची गरज नसते.

तेव्हा पुष्कळ कारखान्यांत अप्रत्यक्ष खर्च मजुरीवर सरसकट टक्का लावून काढत. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्यानं १९०१ मध्ये लेखमाला लिहून त्याला विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की कारखान्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे स्वतंत्र छोटं दुकान समजा. ते किती जागा अडवतं, किती ताकद घेतं ते पाहा आणि तेवढं भाडं त्याच्याकडून घ्या. खर्च ज्या कारणानं होतो त्याच कारणानं तो वाटायचा, हा विचार मला आजही पटतो. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली. ज्याला गरज तो मोटर सुरू करणार, काम संपलं की बंद करणार. खात्याखात्याचे तास वेगळे झाले, पण वाटपाच्या तक्त्यात रकाना हॉर्सपॉवरचाच राहिला.

याचा परिणाम आकड्यांत बघू. समजा हिंगणा एमआयडीसीत एक कारखाना आहे. त्यात मशीन शॉप आणि फॅब्रिकेशन ही दोन उत्पादन खाती आणि मेंटेनन्स हे सेवा खातं. महिन्याचं भाडं ६०,००० रुपये, वीज ९०,००० आणि कँटीन ४०,०००. मशीन शॉपकडे २,००० चौरस फूट जागा, ४० हॉर्सपॉवर, १० माणसं. फॅब्रिकेशनकडे ३,००० चौरस फूट, २० हॉर्सपॉवर, २५ माणसं. मेंटेनन्सकडे १,००० चौरस फूट, १५ हॉर्सपॉवर, ५ माणसं.

भाडं चौरस फुटाला १० रुपये पडतं, म्हणून ते २०,०००, ३०,००० आणि १०,००० असं वाटलं जातं. कँटीन माणशी १,००० रुपये: १०,०००, २५,००० आणि ५,०००. इथवर तक्रार नाही. वीज नुसत्या हॉर्सपॉवरवर वाटली तर हॉर्सपॉवरला १,२०० रुपये पडतात आणि मशीन शॉपकडे ४८,०००, फॅब्रिकेशनकडे २४,०००, मेंटेनन्सकडे १८,००० जातात.

आता लॉगबुक उघडा. मशीन शॉप महिन्याला २०० तास चाललं, फॅब्रिकेशन १५०, आणि मेंटेनन्सचं लेथ-ग्राइंडर फक्त १०० तास. हॉर्सपॉवरला तासांनी गुणलं की ८,०००, ३,००० आणि १,५०० येतात, एकूण १२,५००. दर ७.२० रुपये. मशीन शॉपची वीज ५७,६०० होते, फॅब्रिकेशनची २१,६०० आणि मेंटेनन्सची १०,८००. एकट्या मशीन शॉपवर ९,६०० रुपये कमी लावले गेले होते. तिथल्या जॉबचं कोटेशन त्याच दरावर गेलं, तर ते तेवढं स्वस्तात गेलं.

दोन्ही तक्त्यांची बेरीज १,९०,००० च येते, म्हणून बेरीज जुळली यावर विसंबू नका. चूक ओळखायची खूण वेगळी आहे. एखादं खातं महिनाभर निम्मंच चाललं आणि तरी त्याचा विजेचा वाटा हलला नाही, तर आधार तासांकडे बघत नाहीये हे नक्की.

अर्थात प्रत्यक्षात बिलात स्थिर आकारही असतो. तो मंजूर मागणीशी बांधलेला, यंत्र चालो वा न चालो, द्यावाच लागतो. तेवढाच भाग नुसत्या हॉर्सपॉवरवर वाटणं रास्त. युनिटचा आकार हॉर्सपॉवर-तासांवर. वरच्या उदाहरणात सोपेपणासाठी पूर्ण बिल युनिटचं धरलं आहे. आणि खात्याला स्वतंत्र सबमीटर असेल तर त्याच्या युनिटसाठी आधार शोधूच नये, रीडिंगप्रमाणे रक्कम थेट त्या खात्याच्या नावे टाकावी. मोजता आलं नाही म्हणून अंदाज करायचा असतो, मोजता येत असताना नाही.

प्राथमिक वाटप इथे थांबतं. मेंटेनन्सच्या नावावर आता १०,००० भाडं, ५,००० कँटीन आणि १०,८०० वीज, मिळून २५,८०० रुपये आहेत. नुसत्या हॉर्सपॉवरनं ते ३३,००० दिसले असते. दुय्यम वाटपात हीच रक्कम दोन्ही उत्पादन खात्यांकडे जाते, त्यामुळे वीज वाटताना झालेली चूक तिथे दुसऱ्यांदा मशीन शॉप आणि फॅब्रिकेशनच्या दरात शिरते.