पुट हेजचे लॉट ठरवणे

पुट हेजचे लॉट ठरवणे म्हणजे शेअर पोर्टफोलिओला बाजाराच्या घसरणीपासून झाकण्यासाठी निर्देशांकाचे किती पुट ऑप्शन घ्यायचे, याचा हिशोब. पुट म्हणजे निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली गेला तर फरकाचे पैसे देणारा करार, आणि तो ठरावीक युनिटांच्या गठ्ठ्यात, म्हणजे लॉटमध्येच मिळतो. त्याला तीन आकडे पुरतात : पोर्टफोलिओचे आजचे मूल्य, त्याचा बीटा आणि एका लॉटचे करारमूल्य.

लॉटची संख्या = (पोर्टफोलिओचे मूल्य × बीटा) ÷ (निर्देशांक × लॉटचा आकार)

निर्देशांक एक टक्का हलला की शेअर सरासरी किती टक्के हलतो, ते बीटा सांगतो. ज्या निर्देशांकाचा पुट घ्यायचा, बीटाही त्याच निर्देशांकाच्या तुलनेत काढलेला असावा लागतो. कमी उलाढालीच्या शेअरचा बीटा रोजच्या भावांवरून काढला तर तो खोटाच कमी दिसतो, कारण भाव उशिरा हलतो. अशा वेळी साप्ताहिक भाव घेणे बरे.

समजा, जळगावच्या दाणा बाजारातील एका व्यापाऱ्याकडे ४० लाखांचे शेअर आहेत : बँकांचे २० लाख (बीटा १.१), मिडकॅप १२ लाख (१.४) आणि साबण-बिस्किटवाल्या कंपन्यांचे ८ लाख (०.६). प्रत्येक रकमेला तिच्या बीटाने गुणले की २२, १६.८ आणि ४.८ लाख मिळतात. बेरीज ४३.६ लाख, म्हणजे पोर्टफोलिओचा बीटा १.०९. निफ्टी २४,००० आणि लॉट ६५ चा धरला तर करारमूल्य १५.६ लाख होते. भागाकार २.७९ येतो. पावणेतीन लॉट मिळत नाहीत. दोन घेतले तर सुमारे ७२ टक्केच संरक्षण, तीन घेतले तर १०७ टक्के. व्यापारी तीन घेतो.

आता स्ट्राइक, म्हणजे ती ठरलेली पातळी. पाच टक्के खालचा, २२,८०० चा, दोन महिन्यांचा पुट १५० रुपयांना मिळाला असे मानू. तीन लॉटचा प्रीमियम २९,२५० रुपये होतो. एक्सपायरीला, म्हणजे पुटची मुदत संपते त्या दिवशी, निफ्टी १२ टक्के पडून २१,१२० वर आला, तर दर युनिटमागे १,६८० रुपये मिळतात, १९५ युनिटांचे ३,२७,६०० रुपये. बीटा खरा ठरला तर शेअरांतील तोटा ५,२३,२०० रुपयांचा. प्रीमियम धरून निव्वळ तोटा २,२४,८५० रुपये, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडा जास्त. पहिल्या पाच टक्क्यांची घसरण आपल्याच खिशातून जाते, हे स्ट्राइक निवडतानाच ठरलेले असते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. वरचे सूत्र एक्सपायरीच्या दिवसाचे आहे. पुट घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी निफ्टी एक टक्का पडला तर पोर्टफोलिओ सुमारे ४३,६०० रुपयांनी उतरेल, पण पुटचा डेल्टा, म्हणजे निर्देशांक एक अंक हलला की पुटचा भाव किती हलतो ते प्रमाण, ०.२ च्या आसपास असल्याने पुटमधून दहा हजारांच्या आसपासच येतील. मग ‘हेज चालत नाही’ म्हणून लोक लॉट वाढवतात. रोजची हालचालही झाकायची असेल तर भागाकाराला डेल्टाने पुन्हा भागावे लागते आणि २.७९ चे जवळपास १४ लॉट होतात. प्रीमियमही त्याच पटीत चढतो, आणि मोठ्या घसरणीत हा हेज राहत नाही, मंदीचा सौदा होतो. बेत कोणता, हे आधी ठरवलेले बरे.

सूत्राची खरी मर्यादा बीटातच आहे. तो शेअरचा फक्त बाजाराशी बांधलेला भाग मोजतो. निम्मी पुंजी जैन इरिगेशनसारख्या गावच्याच एका शेअरमध्ये असेल, तर त्या कंपनीपुरत्या बातमीने भाव पडेल तेव्हा निफ्टी जागचा हलणारही नाही आणि पुट कोरडाच संपेल. हे आधी ओळखण्याची खूण म्हणजे बीटा काढताना मिळणारा R², म्हणजे शेअरच्या हालचालीचा किती हिस्सा बाजारामुळे होतो तो आकडा : तो ०.२-०.३ इतकाच असेल तर बीटा कितीही नेटका दिसला तरी त्याच्यावर हेज उभा राहत नाही. मिडकॅपचा बीटा पडत्या बाजारात वाढतो, म्हणून त्याचा आकडा थोडा चढा धरणेच शहाणपणाचे.

लहान पोर्टफोलिओची अडचण वेगळी. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांक करारांचे किमान मूल्य १५ लाख केले आणि निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, पुढे तो ६५ वर आला. २५ च्या लॉटने वरच्या व्यापाऱ्याचा भागाकार ७.२७ आला असता आणि सात लॉट जवळपास अचूक बसले असते. पाच लाखांच्या पोर्टफोलिओला आता एक लॉटही तिप्पट मोठा पडतो, त्यामुळे तिथे थोडे शेअर विकून रोख ठेवणे हाच स्वस्त हेज. मोठ्या पोर्टफोलिओतही असा पुट वर्षभर दर दोन महिन्यांनी घेत राहिल्यास, प्रीमियम तोच धरला तरी, १,७५,५०० रुपये जातात, म्हणजे ४० लाखांच्या ४.४ टक्के. लॉटचा आकार बदलला, किंवा शेअरांच्या खरेदी-विक्रीने बीटा हलला, की भागाकार नव्याने करावा लागतो.