अर्धा मिलिलिटर सीरमचा हिशेब

हायलुरॉनिक ॲसिडच्या सीरमबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे चेहरा चिकट-चिकट होतो. दुसरी म्हणजे लावल्यावर तासाभरात त्वचा आधीपेक्षा कोरडी वाटते, ओढल्यासारखी होते. या तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच थर आहे. तो समजून घ्यायचा तर जाहिरात बाजूला ठेवून थोडी आकडेमोड करावी लागते.

हायलुरॉनिक ॲसिड ही साखरेच्या रेणूंची लांबलचक, फांद्या नसलेली साखळी आहे. दोन शर्करा-घटकांची एक जोडी, तिला जोडून पुन्हा तीच जोडी, असे हजारो वेळा. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईगुरांच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातून ती प्रथम वेगळी केली. आपल्या शरीरातही ती भरपूर असते. प्रौढ माणसात साधारण १५ ग्रॅम, त्यातली निम्म्याच्या आसपास त्वचेत. शरीर ती सतत मोडत आणि नव्याने बनवत असते. रोज सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळपास ५ ग्रॅम साठा बदलला जातो. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता समजा बाटलीत १ टक्का हायलुरॉनिक ॲसिड आहे आणि आपण सढळ हाताने अर्धा मिलिलिटर सीरम चेहऱ्यावर पसरले. त्यात हायलुरॉनिक ॲसिड किती? फक्त ५ मिलिग्रॅम. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरले, तर ओल्या सीरमचा थर १० मायक्रॉन जाडीचा होतो. त्यातले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि जो कोरडा थर उरतो तो जेमतेम ०.१ मायक्रॉनचा. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो.

‘हायलुरॉनिक ॲसिड स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचले आहे. ते आपल्या ५ मिलिग्रॅमला लावून पाहू. हजारपट म्हणजे ५ ग्रॅम पाणी, म्हणजे चमचाभर. चेहऱ्यावर चमचाभर पाणी धरून बसलेला थर कोणी पाहिला आहे? ते हनुवटीवरून ठिबकायला हवे. एक ग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड एक लिटर पाण्यात विरघळवले की हजारास एक हे प्रमाण मिळते, हे खरे. लांब साखळ्या त्या पाण्यात सैल गुंडाळ्यांसारख्या पसरतात आणि द्रावण दाट होते. पण त्यातले बहुतेक पाणी मोकळेच असते. उघड्यावर ठेवले की ते साध्या पाण्यासारखे उडून जाते. साखळीला खरोखर बिलगून राहणारे पाणी मोजले तर ते फार तर साखळीच्या स्वतःच्या वजनाइतके, बहुधा त्याहूनही कमी भरते. म्हणजे आपल्या चेहऱ्यावर पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर.

निरोगी त्वचेतूनही पाणी सतत बाष्परूपाने बाहेर पडत असते, घाम आलेला नसतानासुद्धा. चेहऱ्यावर हे प्रमाण दर चौरस मीटरला ताशी १० ग्रॅम धरले, तर आपल्या ५०० चौरस सेंटिमीटरमधून तासाला अर्धा ग्रॅम पाणी जाते, मिनिटाला सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे सीरमच्या थराने धरलेला सगळा साठा मिनिटभराच्या गळतीलाही पुरत नाही. सीरम ही पाण्याची टाकी नव्हे, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

याच हिशेबात दुसरी एक भीतीही निकालात निघते. कोरड्या हवेत हायलुरॉनिक ॲसिड त्वचेच्या आतले पाणी वर ओढून घेते आणि उडवून टाकते, म्हणून कोरडेपणा येतो, असे आता सर्रास सांगितले जाते. पण ०.१ मायक्रॉनचा थर ओढून ओढून किती ओढणार? तो भरायला काही मिलिग्रॅम पाणी पुरते. त्यानंतर आतून पाणी किती वेगाने वर यावे हे त्वचेचा सर्वांत वरचा थर ठरवतो. मृत, चपट्या पेशी आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ यांचा तो बनलेला असतो. खरा बांध तो आहे. त्याच्या वर पसरलेल्या साखळ्यांच्या हातात फारसे काही नाही. हजारपट पाण्याचा दावा आणि आतले पाणी शोषून घेण्याची भीती ही दोन्ही एकाच फुगवलेल्या आकड्याची लेकरे आहेत.

मग चिकटपणा कुठून येतो? लांब साखळ्यांच्या द्रावणाचा दाटपणा सरळ हिशेबाने वाढत नाही. साखळ्या एकमेकींत गुंतू लागल्या की प्रमाण दुप्पट झाल्यावर दाटपणा दहापटीच्या घरात वाढू शकतो. बाटलीतले १ टक्क्याचे सीरम मुळातच जेलीसारखे असते. चेहऱ्यावर पसरल्यावर त्यातले पाणी उडत जाते, प्रमाण २ टक्के होते, ५ होते, १० होते. या मधल्या अवस्थेत थर ना धड ओला, ना धड सुका असतो आणि बोट लावले की तार सुटल्यासारखे वाटते. आणखी पाणी गेले की साखळ्या आखडतात, थर कडक होतो आणि चिकटपणा संपतो.

आता यात हवेची आर्द्रता आणि ग्लिसरीन आणा. बहुतेक सीरममध्ये ग्लिसरीन असते, आणि ते हायलुरॉनिक ॲसिडच्या कित्येक पट असते. ग्लिसरीन उडून जात नाही आणि दमट हवेतले पाणी शोषून घेते. त्यामुळे दमट दिवसांत थर त्या चिकट अवस्थेतून बाहेरच पडत नाही, तासन्‌तास तिथेच अडकतो. कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत तोच थर ती अवस्था झपाट्याने ओलांडून सुकतो आणि आक्रसतो. शिवाय सीरममधल्या पाण्याने वरच्या मृत पेशी क्षणभर फुगलेल्या असतात. त्याही सुकताना आकुंचन पावतात. साबणाने तोंड धुऊन नुसते वाऱ्यावर सुकू दिले तर जे ओढल्यासारखे वाटते, ते हेच. बाटली तीच, पण दमट महिन्यात ‘चिकट’ आणि कोरड्या महिन्यात ‘कोरडे करणारे’ हे शेरे एकाच माणसाकडून यावेत, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

ओढल्यासारखे वाटणे आणि खरोखर पाणी कमी होणे या अर्थातच दोन गोष्टी आहेत. खरा कोरडेपणा बहुधा वेगळ्या वाटेने येतो. सीरम ‘हायड्रेटिंग’ आहे म्हणून लोक त्यावर क्रीम लावणे सोडून देतात. क्रीममधले व्हॅसलिनसारखे किंवा तेलकट घटक बाष्पीभवनाला आडकाठी करतात. पातळ पाणीदार सीरममध्ये ते नसतात. वर सांगितलेला बांध कडक फेसवॉशने किंवा रेटिनॉलच्या अतिरेकाने आधीच खिळखिळा झालेला असेल, तर गळती वाढलेलीच असते आणि सीरमला ती थांबवता येत नाही. अशा वेळी दोष सीरमच्या माथी मारला जातो, आणि सीरम बंद केले तरी त्वचा सुधारत नाही.

राहता राहिला रेणुभाराचा दावा, म्हणजे साखळी लहान असली की ती त्वचेत खोल शिरते हा. रेणूचे वजन डाल्टनमध्ये मोजतात, आणि साखळीतली एक जोडी सुमारे ४०० डाल्टनची. दहा लाख डाल्टनच्या साखळीत अशा अडीच हजार जोड्या असतात. त्वचेतून सहज आत शिरायचे तर पदार्थ साधारण ५०० डाल्टनच्या आत असावा, असा एक ढोबळ नियम २००० साली मांडला गेला आणि तो अजून वापरला जातो. त्या मापाने हायलुरॉनिक ॲसिडची जेमतेम एक जोडी बसते. ‘लो मॉलिक्युलर वेट’ म्हणून मिरवली जाणारी ५० हजार डाल्टनची साखळीसुद्धा या मर्यादेच्या शंभरपट मोठी आहे.

तरीही हा दावा निव्वळ थाप म्हणता येणार नाही. त्वचेवर लेझर टाकून केलेल्या रामन वर्णपटाच्या अभ्यासांत लहान साखळ्या वरच्या मृत थरात शिरलेल्या दिसल्या, दहा लाखांच्या वरच्या साखळ्या मात्र बाहेरच राहिल्या. वेगवेगळ्या रेणुभारांची क्रीमे लावून केलेल्या एका चाचणीत ओलावा सगळ्यांनीच वाढवला, पण सुरकुत्यांची खोली कमी करण्यात लहान साखळ्या पुढे होत्या. ती क्रीमे होती, नुसते पाणीदार सीरम नव्हे, हे विसरू नये. आणि मृत थरात शिरणे म्हणजे खालच्या आतल्या त्वचेत पोहोचणे नव्हे. समजा सगळेच्या सगळे ५ मिलिग्रॅम खाली पोहोचले, तरी शरीर रोज स्वतःच ५ ग्रॅम बनवते. हजारास एक. त्यामुळे ‘वयानुसार कमी झालेला साठा भरून काढते’ हे वाक्य दिसले की मी पुढे वाचत नाही. फार लहान तुकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी आहे. ऊतीला इजा झाल्यावर शरीरातल्या साखळ्यांचे असेच तुकडे पडतात, आणि प्रयोगशाळेतल्या पेशी त्यांना दाहाचा इशारा समजतात. सीरममुळे चेहऱ्यावर तसेच घडते असे यातून सिद्ध होत नाही. पण लहान म्हणजे चांगले, हे समीकरणही इतके सरळ नाही.

लेबलवरचा रेणुभाराचा आकडा सरासरीचा असतो. बाटलीत आखूड-लांब साखळ्यांची खिचडीच असते. टक्केवारीची शहानिशा मात्र डोळ्यांनी थोडीफार करता येते. लांब साखळ्यांचे २ टक्के द्रावण इतके घट्ट असते की ड्रॉपरने ओढताना त्रास होतो. ‘२ टक्के’ लिहिलेले सीरम पाण्यासारखे ओघळत असेल, तर एक तर साखळ्या आखूड आहेत, नाही तर ते २ टक्के आधीच पाणी घालून बनवलेल्या मिश्रणाचे आहेत आणि त्यातले प्रत्यक्ष हायलुरॉनिक ॲसिड फारच थोडे. घटकांच्या यादीत सोडियम हायलुरोनेट हे नाव म्हणजे त्याचाच क्षार, आणि ‘हायड्रोलाइज्ड’ म्हणजे तोडून लहान केलेले. ते यादीच्या शेवटी आहे म्हणून नाक मुरडू नका. १ टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते, आणि ०.१ टक्क्यालाही सीरमचा स्पर्श बदलतो.

ज्यांना ते आवडते त्यांनी प्रमाण अर्धे करावे. थर निम्मा झाला की चिकट अवस्थाही लवकर सरते. किंचित ओल्या चेहऱ्यावर ते एकसारखे पसरते, जागोजागी साचत नाही. ते पुरते सुकण्याआधी वर क्रीम लावावे. सुकलेल्या थरावर सनस्क्रीन चोळले की वळ्या सुटतात. मळीसारख्या दिसणाऱ्या त्या पांढऱ्या वळ्या म्हणजे निघालेली त्वचा नव्हे, गुंडाळला गेलेला थर. आणि कोरडेपणा सीरममुळेच आहे का याची खात्री करायची असेल, तर एका गालावर सीरम आणि क्रीम, दुसऱ्यावर नुसते तेवढेच क्रीम, असे दोन आठवडे करून पाहावे. दोन्ही गाल सारखेच कोरडे राहिले तर फेसवॉशकडे बघा. फक्त सीरमच्या गालाची आग होत असेल, लाली टिकत असेल, तर तो चिकटपणा-कोरडेपणाचा मामला नाही. त्यातले एखादे संरक्षक, सुगंध किंवा दुसरा घटक सोसत नसावा. तेव्हा बाटली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना घटकांची यादी दाखवलेली बरी.