पैसे पाठवताना ॲपवर अनोळखी नाव दिसल्यास

मोंढ्यातील आमच्या बियाणे-खतांच्या दुकानात क्यूआर स्कॅन करणारे बरेच ग्राहक पडद्यावरचे नाव पाहून थबकतात, आणि त्यांचे थबकणे योग्यच आहे. पाटीवर कृषी सेवा केंद्राचे नाव असते, ॲपवर मात्र मालकांचे नाव येते, तेही आडनाव आधी. दुकान एकल मालकीचे असून क्यूआर मालकांच्या खात्याला जोडलेला असल्यामुळे असे होते. व्यक्तींना व छोट्या व्यापाऱ्यांना पैसे पाठवताना बँकेत नोंदलेले नावच दाखवावे, अशी यूपीआय व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची सूचना असून तिच्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत होती. त्यामुळे आपण मोबाईलमध्ये जपून ठेवलेले किंवा क्यूआरमध्ये भरलेले नाव तेथे दिसत नाही. आमच्या खात्यावरचे नाव प्रत्येक पावतीच्या तळाशी जसेच्या तसे छापलेले आहे. नावांचा क्रम उलटा असेल किंवा वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असेल, तर चिंतेचे कारण नाही. आडनावच वेगळे असेल, तर मात्र पिन टाकू नये.

समजा, खरिपाच्या उधारीचे १२,५०० रुपये आपण गावाहून पाठवत आहात. जुन्या पावतीवरचा मोबाईल नंबर टाकला आणि भलतेच नाव आले. एखादा अंक चुकला असेल, किंवा तो नंबर बंद होऊन काही महिन्यांनी कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला असेल. अशा वेळी व्यवहार तेथेच रद्द करून ताज्या पावतीवरच्या नंबरवर फोन करावा. फोनवर ‘अमुक नाव दिसते आहे, बरोबर का?’ असे विचारू नये, कारण घाईत कोणीही हो म्हणून जाते. ‘तुमच्या खात्यावर नाव काय आहे?’ असे विचारून उत्तर पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहावे. त्यानंतर प्रथम १ रुपया पाठवावा आणि तो आमच्या खात्यात जमा झाल्याचे आमच्याकडून ऐकल्यावरच उरलेली रक्कम पाठवावी.

‘आमचे खाते बदलले आहे, या नंबरवर पैसे टाका’ असा व्हॉट्सॲप संदेश आला, तर त्याच संदेशातील नंबरवर खात्री करण्यात अर्थ नाही. तेथे फसवणारा माणूसच फोन उचलतो. नाव जुळले म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये, कारण मिळतेजुळते नाव असलेले दुसरे खाते असू शकते. काउंटरवरच्या क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवलेले दिसले, तर कृपया लगेच आमच्या माणसाला दाखवावे.

पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक टिपून ॲपवर व आपल्या बँकेत त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, आणि फसवणूक वाटल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करावा. केवळ अंक चुकल्यामुळे रक्कम गेली असेल, तर ती परत मिळणे बहुधा समोरच्या खातेदाराच्या संमतीवर अवलंबून राहते.