एमएस्सी अ‍ॅग्रीचा थिसिस प्लेजरिझममध्ये नेमका कुठे अडकतो

सबमिशनला लागतं काय, तर थिसिस, प्लेजरिझम रिपोर्ट, आपलं अंडरटेकिंग आणि गाइडचं सर्टिफिकेट. नमुने कॉलेजात मिळतात. मुलं अडकतात ती रिपोर्टमध्ये.

युजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून परत द्यायचं, मुदत जास्तीत जास्त ६ महिने. इथेच घोळ होतो, ६ महिने ही वरची मर्यादा आहे, कॉलेज महिनाभरही देऊ शकतं, मुलं मात्र ६ महिने हक्काचे समजून गावी निघून जातात. ४० च्या वर गेलं तर वर्षभर परत देताच येत नाही आणि ६० च्या वर तर रजिस्ट्रेशनच रद्द. तुमच्या कृषी विद्यापीठाचं वेगळं परिपत्रक असेल तर आधी ते वाचा.

टक्के जास्त आले तर घाबरण्याआधी एक विचारा, संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य वगळून रिपोर्ट काढलाय का. नियमात हे सगळं वगळायचं असतं, पण फिल्टर न लावताच रिपोर्ट हातात देतात आणि पोरं रडकुंडीला येतात, हे बरोबर नाही.

खरा धोका रिव्ह्यू आणि मटेरियल अँड मेथड्समध्ये. कृषिकोशवरून सीनियरचा थिसिस उघडायचा आणि पॅरा उचलायचा, शेवटी 'वॉकली अँड ब्लॅक, १९३४' टाकलं की झालं असं वाटतं. नाही होत. पद्धत त्यांची, पण वाक्यं सीनियरची, त्याला क्रेडिट कुठंय? शब्द फिरवत बसू नका, तुम्ही लॅबमध्ये काय केलं ते लिहा: माती कुठल्या खोलीवरची, कधी घेतली, किती ग्रॅम, डायक्रोमेट आणि अ‍ॅसिड किती घातलं, किती वेळ ठेवलं, टायट्रेशन कशाने केलं, आणि मग पद्धतीचा संदर्भ. तुमचे आकडे आले की वाक्य आपोआप तुमचं होतं.

रिव्ह्यूत दुसरी अडचण. जुना पेपर मिळत नाही, सीनियरने त्याचा निष्कर्ष दिलाय, म्हणून आपण थेट मूळ लेखकाचं नाव टाकतो. सीनियरने आकडा चुकवला असेल तर ती चूक आता तुमच्या नावावर. मूळ पेपर लायब्ररीत मागा, नाहीच मिळाला तर कुठल्या थिसिसमधून घेतलं ते सांगा आणि सूचीत त्या नोंदीला चांदणी करून 'ओरिजिनल नॉट सीन' लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी सूची जुळवा. पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या आहेत, मजकुरात १९६७ आणि सूचीत १९८५ असं सर्रास दिसतं. जी आवृत्ती हातात होती तिचंच साल दोन्हीकडे टाका, आणि मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत शोधा, मग सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात.