ग्राफिक्स कार्ड ‘काढलं’ कुणी?

खेळ ऐन रंगात आलेला असतो, चित्र गोठतं, आवाज अडकतो आणि डेस्कटॉपवर एक चौकट उभी राहते: `DXGI_ERROR_DEVICE_REMOVED`. म्हणजे उपकरण काढून टाकलं गेलं. कार्ड तर जागच्या जागी बसलेलं असतं, पंखे फिरत असतात. मग काढलं कुणी?

हा निवाडा विंडोजचा असतो. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर घड्याळ लावून बसलेली आहे. दिलेलं काम कार्डाने २ सेकंदांत संपवलं नाही किंवा मध्येच सोडून दिलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. खेळाने कार्डाच्या मेमरीत भरलेलं सगळं त्यात पुसलं जातं. खेळाच्या दृष्टीने जुनं कार्ड नाहीसंच झालेलं असतं, आणि बहुतेक खेळ तिथेच बंद पडतात. म्हणून हा संदेश आजाराचं नाव सांगत नाही, रुग्ण बेशुद्ध पडला एवढंच सांगतो. खोलातलं कारण बऱ्याचदा `DXGI_ERROR_DEVICE_HUNG` असं नोंदलेलं सापडतं. त्यावरूनही कार्ड अडकलं एवढंच कळतं, कशामुळे ते कळत नाही.

गेल्या मे महिन्यात नागपूरला भाच्याच्या कॉम्प्युटरवर हेच चाललं होतं. बाहेर रणरणतं ऊन, त्यामुळे घरात सगळ्यांनी उष्णतेलाच दोषी ठरवलं होतं. मी आधी त्याला विचारलं, “नेमकं कधी बंद पडतं रे?” तो म्हणाला, “मामा, काही नेम नाही. पण बरेचदा मेनूतून खेळात शिरलो की लगेच.”

या उत्तराने उष्णतेवरचा माझा संशय निम्मा कमी झाला. उष्णता हळूहळू साठते. तिच्यामुळे अडचण येते ती वीस-तीस मिनिटांनी, आणि तीही सहसा बंद पडण्याची नाही. तापमान साधारण ८३ अंशांच्या आसपास गेलं की बरीचशी कार्डं आपला वेग आपणच कमी करतात. खेळ रखडतो, पण चालू राहतो. कार्डाचं तापमान दाखवणाऱ्या GPU-Z या प्रोग्रामात नोंद ठेवली, तर बंद पडण्याच्या क्षणी तापमान ६८ अंश होतं.

मग ड्रायव्हर. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१ क्रमांकाच्या नोंदी होत्या: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. ही नोंद वाचून लोक ड्रायव्हरलाच गुन्हेगार ठरवतात. पण कार्ड कशानेही अडकलं तरी नोंद हीच होते. एकाच खेळात असं होत असेल किंवा नव्या अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर ड्रायव्हरवर किंवा त्या खेळावर संशय घेणं रास्त. इथे तीन वेगवेगळे खेळ पडत होते. तरी सेफ मोडमध्ये DDU या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामाने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला आणि आधीची आवृत्ती घातली. फरक पडला नाही.

उरला वीजपुरवठा. कार्ड २०० वॅटचं, पॉवर सप्लाय सहा वर्षं जुना, आणि एकाच केबलचे दोन फाटे कार्डात खोचलेले. २०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर. केबल आणि सैलावलेल्या जोडण्या मिळून २० मिलिओहम रोध धरला, तर वाटेतच ०.३४ व्होल्ट गळतात आणि कार्डापाशी ११.६६ उरतात. हे चालतं, कारण प्रमाणाप्रमाणे ११.४ पर्यंत मुभा आहे. पण मेनूतून खेळात शिरताना कार्डाची ओढ क्षणभर दुप्पट होऊ शकते. मग गळती ०.६८ आणि उरले ११.३२. शिवाय जुना सप्लाय स्वतःच त्या क्षणी दबतो. हे काही मिलिसेकंदांत घडतं आणि सेन्सर सेकंदातून एकदा बघतो, म्हणून स्क्रीनवरचा आकडा निर्दोष दिसतो.

आफ्टरबर्नर या प्रोग्रामातून कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढण्याची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली. दोन संध्याकाळी एकदाही खेळ पडला नाही. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण पॉवर लिमिट उतरवली की क्लॉकही, म्हणजे कार्डाचा वेगही, उतरतो, आणि कारखान्यातूनच जास्त क्लॉक देऊन आलेलं कार्ड त्यानेही सावरतं. म्हणून लिमिट पुन्हा १०० केली आणि फक्त क्लॉक १०० मेगाहर्ट्झने कमी केला. दहा मिनिटांत चौकट हजर.

दोन फाट्यांऐवजी दोन स्वतंत्र केबल जोडल्या, तेव्हा पडणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. मित्राकडून ६५० वॅटचा चांगला सप्लाय उसना आणून लावला आणि तीन आठवडे ती चौकट पुन्हा दिसली नाही. मग तसाच नवा घेतला. या काळात भाच्याला कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत `TdrDelay`, म्हणजे ती दोन सेकंदांची मुदत, वाढवून दहा सेकंद करायला सांगितलं होतं. ते मी करू दिलं नाही. काम खरंच लांबलचक असेल तर त्याचा उपयोग होतो, पण वीज दबून अडकलेलं कार्ड दहा सेकंदांनीही अडकलेलंच असतं.

जुना सप्लाय आता ताईच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि तो तिथे बिनतक्रार चालतो.