शाळकरी मुलांचा सायबर छळ : मुंबईत तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात आणि पुढे काय होतं

समजा, भांडुपच्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या 14 वर्षांच्या मुलीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं. स्नेहसंमेलनातल्या फोटोतला तिचा चेहरा कापून एका नग्न फोटोवर चिकटवला. तो फोटो आधी त्या खात्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. वर्गातल्याच दोघांचं काम असावं, असा घरच्यांना संशय आहे, पण पुरावा नाही. मुंबईतल्या पालकांनी अशा वेळी काय करायचं, ते या एका उदाहरणावरून पाहू. पोलीस, शाळा आणि समुपदेशक या तिघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की प्रकरण बिघडतं.

पहिल्या तासाभरात पुरावा

खातं ब्लॉक करण्याआधी त्याची लिंक कॉपी करा. ब्लॉक केल्यावर तुमच्या फोनवरून तो मजकूर आणि लिंक जपून ठेवणं अवघड होऊ शकतं. खात्याचं दिसणारं नाव कधीही बदलता येतं, म्हणून `instagram.com/` ने सुरू होणारी पूर्ण लिंक, वापरकर्त्याचं नाव, तारीख आणि वेळ हे सगळं स्क्रीनशॉटमध्ये यायला हवं. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढणं. प्रोफाइल उघडण्यापासून ते मेसेजपर्यंत सगळं एका सलग चित्रीकरणात येऊ द्या. व्हॉट्सॲपवर ग्रुपचं नाव, ॲडमिन आणि फोटो टाकणाऱ्याचा नंबर टिपून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पालक तो फोटो मुख्याध्यापकांना, मामाला, ओळखीच्या वकिलाला फॉरवर्ड करतात. अल्पवयीन मुलीचं असं चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. शाळेला आणि नातेवाइकांना फोटो दाखवायची गरज नाही, काय घडलं ते शब्दांत सांगा. ज्या फोनवर फोटो आला तो फोन तसाच ठेवून पोलिसांपुढे न्या.

दुसरी चूक म्हणजे संशयित मुलाच्या घरी जाऊन धडकणं. तासाभरात खातं डिलीट होतं, ग्रुप रिकामा होतो आणि पोलिसांकडे जाताना हातात फक्त तुमचा शब्द उरतो.

फोटो खाली उतरवणं

लिंक जपल्यावर ॲपमधूनच तक्रार करा. खातं कोणाच्या तरी नावाने खोटं चालवलं जातंय आणि त्यावर अल्पवयीन मुलीचं नग्न चित्र आहे, ही दोन्ही कारणं नोंदवा. माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधला नियम 3(2)(ब) नेमका अशा बनावट, फेरफार केलेल्या चित्रांसाठी आहे. मूळ नियमात कंपनीला ते काढायला 24 तास दिले होते. तक्रारीची पोचपावती ईमेलवर येते, ती ठेवा. फोटो काढला म्हणजे पुरावा गेला, असं नाही. त्याच नियमांनुसार काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. सहा महिने गप्प बसून मग जाग आली, तर मात्र अडचण होते.

फोटो दुसऱ्या खात्यांवर पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर 18 वर्षांखालच्यांसाठी `takeitdown.ncmec.org` ही मोफत सोय आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही. फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि तो सहभागी कंपन्यांना जातो. व्हॉट्सॲपवरच्या खासगी संभाषणात मात्र याचा उपयोग होत नाही.

पोलीस : कोण तक्रार करू शकतं, काय न्यायचं

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या पॉक्सो कायद्यात तक्रार करायला नात्याची अट नाही. मुलगी स्वतः, आई, वडील, शिक्षिका, शेजारी, गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं तो कोणीही तक्रार देऊ शकतो. मुलगा पीडित असला तरी हाच कायदा लागू होतो.

`cybercrime.gov.in` वर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. त्यात निनावी तक्रारीचाही पर्याय आहे, पण पुढे काय झालं ते कळायला हवं असेल तर मोबाइल नंबरने नोंदणी करूनच तक्रार द्या. पोर्टलवर मिळालेला क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जावं लागतंच. मुंबईत प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी पाच आहेत, पण तुमच्या जवळचं कोणतंही ठाणं तक्रार घ्यायला बांधील आहे. हद्द दुसरी असली तर शून्य क्रमांकाने नोंदवून ती वर्ग करता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो.

सोबत न्यायचे कागद :

- तक्रार अर्जाच्या दोन प्रती (एकीवर पोच घ्यायची)
- मुलीच्या वयाचा पुरावा : शाळेचा जन्मतारखेचा दाखला; तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला
- तक्रारदाराचं ओळखपत्र
- स्क्रीनशॉटच्या छापील प्रती. नग्न चित्राची छपाई करू नका, ते फोनमध्येच दाखवा
- मूळ फोन, पोर्टलचा क्रमांक आणि कंपनीची पोचपावती

अर्जात “माझ्या मुलीला ऑनलाइन खूप त्रास दिला जातोय” एवढंच लिहिलं तर हातात तक्रार अर्जाची पोच पडते आणि प्रकरण तिथेच राहतं. त्याऐवजी असं लिहा : “अमुक तारखेला रात्री 9 च्या सुमारास, अमुक लिंक असलेल्या खात्यावर, माझ्या 14 वर्षांच्या मुलीचा चेहरा लावलेलं नग्न चित्र टाकण्यात आलं. तेच चित्र अमुक नंबरवरून अमुक ग्रुपमध्ये आलं. खातं चालवणारी व्यक्ती अज्ञात आहे.” संशयितांची नावं द्यायची तर “संशय आहे” असंच लिहा.

इथे खोट्या खात्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66सी आणि 66डी, चित्रासाठी त्याच कायद्याचं 67बी आणि पॉक्सोची कलमं लागू शकतात. कलमं ठरवणं पोलिसांचं काम आहे, तुम्ही फक्त वस्तुस्थिती चोख द्या. पॉक्सोच्या तक्रारीला नोंद क्रमांक देऊन ती लेखी घ्यावीच लागते. मुलीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. ठाण्यातल्या बाकावर तिला तासन् तास बसवून ठेवायची गरज नसते, हे पालकांनी नम्रपणे पण ठामपणे सांगावं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद करायला नकार मिळाला तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

फोटो नाही, फक्त “जाडी”, “काळी” अशी टिंगल आणि मीम असतील, तर चित्र वेगळं होतं. आक्षेपार्ह संदेशांचं कलम 66ए सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केलं आणि बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. अशा प्रकरणात पोलिसांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. तिथे शाळा हाच खरा मार्ग.

आरोपीही अल्पवयीन निघाला तर

खातं अज्ञात असेपर्यंत एफआयआर अज्ञाताविरुद्ध होतो. तपासात वर्गातलाच 15 वर्षांचा मुलगा निघाला की बाल न्याय कायदा, 2015 लागू होतो आणि इथे पीडितेच्या पालकांचा सर्वात जास्त गैरसमज होतो. मुलगा आधीच माहीत असेल आणि गुन्हा अतिगंभीर वर्गातला (म्हणजे किमान शिक्षा सात वर्षांची असलेला) नसेल, मोठ्या माणसाबरोबर मिळून केलेलाही नसेल, तर केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार एफआयआर होत नाही. पोलीस स्टेशन डायरीत नोंद करतात, बालकल्याण पोलीस अधिकारी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे जातो. पालकांना वाटतं, पोलिसांनी बोळवण केली. तसं नसतं, डायरी नोंदीचा क्रमांक मागून घ्या.

त्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर 24 तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. “डोंगरीला पाठवतील” ही तिथल्या बालसुधारगृहाची मुंबईतली जुनी धमकी अशा प्रकरणात सहसा खरी ठरत नाही, मुलगा बहुधा पालकांच्या हवाली होतो. मंडळ त्याला समज देऊ शकतं, गट-समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं किंवा पालकांना दंड भरायला सांगू शकतं. त्याचं नाव कोणीही, शाळेच्या ग्रुपवरसुद्धा, जाहीर करू शकत नाही. तसं केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शाळा

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. “घरी घडलं, शाळेचा काय संबंध?” हे उत्तर अशा प्रकरणात चालत नाही. पॉक्सोखाली ज्याला गुन्हा कळला त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, तो कुठेही घडलेला असो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्याने केलेला असा गुन्हा लपवला तर वर्षभरापर्यंत. त्यामुळे दोन्ही पालकांना केबिनमध्ये बसवून माफीनामा लिहून घेणं आणि प्रकरण मिटवणं ही शाळेची चलाखी शाळेलाच महागात पडते. शाळेतली मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी कागदावरच असेल, तर अर्जात त्यांचा उल्लेख करा म्हणजे बैठक घ्यावी लागते.

शाळेकडून मागायच्या गोष्टी ठरावीक ठेवा. बसायची जागा किंवा तुकडी बदलायची तर ज्याच्यावर आरोप आहे त्याची बदला, मुलीची नाही. ग्रुपमधल्या मुलांना चित्र डिलीट करायला सांगा, पण मुलीचं नाव न घेता. शिक्षकांनी मुलांचे फोन तपासून तो फोटो स्वतःच्या फोनवर घेऊ नये. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कोणाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे संरक्षण संपतं आणि मग “दाखला घेऊन जा” हा सोपा उपाय दोन्हीकडच्या पालकांवर लादला जातो. असा दबाव आला तर सही करू नका. माध्यमिक शाळांबाबत तक्रार मुंबईच्या उत्तर, दक्षिण किंवा पश्चिम विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे जाते, सीबीएसई शाळा असेल तर मंडळाकडेही.

समुपदेशन

हे शेवटी नको, पहिल्या दिवसापासून हवं. शाळेचा समुपदेशक असेल तरी त्याच्याकडे मुलीला आणि त्या मुलाला एकत्र बसवू देऊ नका. शाळेची सलोखा बैठक म्हणजे समुपदेशन नव्हे. बाहेर जायचं तर केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री टेलिमानस 14416 आणि चाइल्डलाइन 1098 यांवर मराठीत बोलता येतं. मुलीला घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. तपशील पोलिसांकडे एकदा नीट नोंदला की समुपदेशकाला झोप, जेवण, शाळेत जायची भीती, जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार, यांवर काम करू द्या. तिचा फोन काढून घेतला तर तो तिला शिक्षेसारखा वाटतो आणि पुढच्या वेळी ती घरात सांगत नाही.

गुप्ततेची मर्यादा आधीच माहीत असावी. पॉक्सोतली कळवण्याची सक्ती समुपदेशकालाही आहे, म्हणून घरच्यांनी तक्रार केलेली नसेल तर त्याला ती करावी लागेल. पॉक्सोची नोंद झाल्यावर पोलीस 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवतात. समितीकडून मुलीसाठी साहाय्य व्यक्ती मागता येते. जबाबापासून न्यायालयापर्यंत ही व्यक्ती सोबत राहते आणि तारीख, प्रत, पुढची पायरी कुटुंबाला सांगते. पोलिसांनी आपणहून सांगितलं नाही तर समितीला साध्या कागदावर अर्ज करा, सोबत एफआयआर किंवा डायरी नोंदीचा क्रमांक जोडा.