कार्ड नंबर सेव्ह करत नाही म्हणून पीसीआय लागू नाही?

"आम्ही कार्ड नंबर डेटाबेसमध्ये ठेवतच नाही, मग पीसीआयचे नियम आम्हाला कशाला?"

लागू होतात की! पीसीआय म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित हाताळायचे कार्ड कंपन्यांचे नियम. ते साठवण्यापुरते नाहीत, नंबर तुमच्या सर्व्हरवरून नुसता पुढे गेला तरी लागू. समजा सांगलीतल्या बेदाणा दुकानाची साइट आहे, कार्डचे रकाने आपल्याच फॉर्ममध्ये आणि सबमिट आपल्याच सर्व्हरवर. डेटाबेस कोरा, पण डीबगसाठी कुणीतरी पूर्ण रिक्वेस्ट लॉग करायचं चालू ठेवलेलं असतं आणि सीव्हीव्हीसकट नंबर लॉग फाइलमध्ये, तिथून बॅकअपमध्ये, बसा शोधत. अशा सेटअपला एसएक्यू डी, म्हणजे हे नियम पाळतोय का हे आपलं आपण तपासायची साधारण २५० प्रश्नांची प्रश्नावली.

होस्टेड चेकआउटमध्ये गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर जातं, नंबर तिथंच टाकतं, तुमच्याकडं फक्त पेमेंट आयडी येतो. मग एसएक्यू ए, ३०च्या आसपास प्रश्न. डिझाइन थोडं परकं दिसतं, दिसू दे.

खात्री करायची तर टेस्ट कार्ड टाकून ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघा, नंबर कुठल्या डोमेनला जातोय.

जबाबदारी शून्य होत नाही हां. साइट हॅक झाली तर रिडायरेक्टची लिंकच बदलून गिऱ्हाईकाला खोट्या पानावर नेता येतं, त्यामुळं प्लगइन अपडेट आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याच गळ्यात.